दोन नगांची ऑर्डर

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एक छोटा कारखाना आहे. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बनवतात. इलेक्ट्रिकल पॅनेलच्या आत, ४१५ व्होल्टचा पुरवठा ११० किंवा २४ व्होल्टवर आणणारा, विटेएवढा जड ठोकळा असतो ना, तो. मालक साठीचे, माझ्या वडिलांच्या ओळखीतले. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला न चुकता ‘मॅडम’ म्हणतात. मी कॉस्ट अकाउंटंट. गेल्या वर्षी त्यांना मी तीन पानांचं एक पत्र लिहिलं. आमच्या व्यवसायात त्याला प्रपोजल म्हणतात: काय काम करू, का करू, किती दिवसांत, किती फीमध्ये. हा लेख त्या पत्राबद्दल आहे. कारखाना ओळखू येऊ नये म्हणून आकडे गोल केले आहेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं बदललेलं नाही.

पत्राचं निमित्त साधं होतं. काकांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, एक पॅनेल बनवणारी कंपनी, त्यांच्याकडून वर्षाला एकाच प्रकारचे हजारो ट्रान्सफॉर्मर घ्यायची. त्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्यानं सांगितलं की दुसरा पुरवठादार २,७०० रुपयांत देतो, तुमचा भाव २,८९८ आहे. काकांनी हिशेबाची वही काढून दाखवली. त्यात खर्चच २,५२० होता. २,७०० ला दिला तर हातात काय राहणार? ते चिडून म्हणाले, “मॅडम, तो माणूस तांबं चोरतो की काय?”

त्याच महिन्यात दुसरीकडून मात्र ऑर्डरींचा पाऊस होता. दोन नग, पाच नग, तीन टॅपिंगचे, वेगळ्या मापाचे, वेगळ्या टर्मिनलचे. त्यांचा भाव ३,७७२ लावला की गिऱ्हाईक घासाघीस न करता हो म्हणायचं. काकांना त्याचा अभिमान होता. मला मात्र तिथेच शंका आली. हजारोंच्या ऑर्डरीत तुम्ही महाग ठरता आणि किरकोळ, कटकटीच्या ऑर्डरी विनातक्रार मिळतात, तेव्हा बाजार तुम्हाला काहीतरी सांगत असतो. बहुतेक वेळा तो हेच सांगतो की तुमच्या वहीत खर्च चुकीच्या डोक्यावर बसला आहे.

वहीतला हिशेब असा होता. कारखान्यात वर्षाला ६,००० साधे ट्रान्सफॉर्मर बनतात, एका नगाला वाइंडरचा एक तास. आणि १,००० स्पेशल बनतात, एका नगाला दीड तास. म्हणजे वर्षाचे कामगारांचे तास झाले ७,५००. तांबं, स्टॅम्पिंग आणि वाइंडरची मजुरी वगळून उरलेला सगळा खर्च, ज्याला आपण ओव्हरहेड म्हणतो, तो ४५ लाख. त्यात वीज, भाडं, व्हार्निशची भट्टी, मशीनचा घसारा, डिझाइन इंजिनिअर, खरेदीवाला, स्टोअरकीपर, टेस्टिंगवाला, सगळे आले. ४५ लाखाला ७,५०० नं भागलं की तासाला ६०० रुपये. साध्या नगाला १,८०० चा माल, १२० मजुरी, ६०० ओव्हरहेड, एकूण २,५२०. स्पेशलला २,२०० चा माल, १८० मजुरी, ९०० ओव्हरहेड, एकूण ३,२८०. दोन्हीवर पंधरा टक्के चढवले की भाव तयार.

यात बेरीज-भागाकाराची एकही चूक नाही. चूक एका गृहीतकात आहे: ओव्हरहेड हा वाइंडरच्या तासांच्या मागे मागे चालतो, हे ते गृहीतक. एके काळी ते खरं होतं. कारखान्यात मजुरी हाच मोठा खर्च असे आणि वरखर्च थोडा, तेव्हा तो कसाही वाटला तरी फारसं बिघडत नसे. काकांच्या कारखान्यात मजुरी आहे ९ लाख आणि वरखर्च ४५ लाख. शेपटाच्या मापानं कुत्र्याचं वजन ठरवण्यासारखं आहे हे.

म्हणून मी पत्राची सुरुवात सिद्धांतानं केली नाही. लिहिलं ते असं:

“आदरणीय काका, स. न. वि. वि. परवा मी दुपारभर तुमच्या शॉपवर उभी होते. दोन नगांची एक ऑर्डर वाइंडिंगला लागली होती. मशीनवरचा आधीचा मँड्रेल काढला, नवा बसवला, तारेचा गेज बदलला, ताण जुळवला, पहिलं कॉइल फुकट गेलं, दुसऱ्याचे फेरे मोजून पाहिले. त्यानंतर दोन कॉइल गुंडाळायला लागला वेळ, त्याच्या कितीतरी पट वेळ ही तयारी करण्यात गेला. शेजारच्या मशीनवर साधा माल सकाळपासून सुरू होता आणि त्या मशीनला दिवसभरात कुणी हात लावला नाही. तुमच्या वहीत या दोन्ही मशीनवरच्या प्रत्येक तासाला ६०० रुपयेच लागले.”

हे वाचून काकांनी फोन केला आणि पाच मिनिटं फक्त त्या सेटरच्या सुस्तपणाबद्दल बोलले. सेटर सुस्त नव्हता. त्याला वर्षाला २५० वेळा मशीन बदलून लावावं लागत होतं आणि त्यातले २०० वेळा स्पेशलसाठी.

मी सुचवलेल्या पद्धतीला अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग म्हणतात, थोडक्यात एबीसी. तिची मूळ कल्पना अशी की माल खर्च खात नाही, कामं खर्च खातात, आणि माल ती कामं करायला लावतो. म्हणून आधी खर्च कामांवर टाकायचा (मशीन लावणं, कोटेशन काढणं, खरेदी करणं, तपासणं) आणि मग पाहायचं, कुठल्या मालानं ते काम किती वेळा करायला लावलं. १९८० च्या दशकात हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या रॉबिन कूपर आणि रॉबर्ट कॅप्लन यांनी ही पद्धत मांडली. हे नाव मात्र आलं अमेरिकेतल्या जॉन डीअर कंपनीतून. ट्रॅक्टरवाल्या या कंपनीच्या सुटे भाग बनवणाऱ्या विभागाला कंपनीतल्याच कामांसाठी बाहेरच्या पुरवठादारांशी बोली लावावी लागे. हजारोंच्या संख्येनं लागणाऱ्या भागांत तो विभाग हरायचा आणि थोड्या संख्येच्या भागांत जिंकायचा. काकांचंच दुखणं, फक्त शून्यं जास्त.

विजेच्या धंद्यातलं उदाहरण मात्र जर्मनीतलं आहे आणि ते मी पत्रात मुद्दाम घातलं. बाड नॉयस्टाट इथला सीमेन्सचा छोट्या मोटारींचा कारखाना. पूर्व युरोपातून स्वस्त मोटारी येऊ लागल्यावर त्यानं ठरवलं की आपण गिऱ्हाईक सांगेल तशा, थोड्या संख्येच्या मोटारी बनवू. लवकरच त्यांच्या बहुतेक ऑर्डरी पाचपेक्षा कमी मोटारींच्या झाल्या. मग त्यांनी जुन्या हिशेबातून फक्त दोन खर्च वेगळे काढले: एक, प्रत्येक ऑर्डरच्या कागदपत्रांचा खर्च, मग ऑर्डर एका मोटारीची असो की शंभरची; आणि दुसरा, वेगळ्या लागणाऱ्या सुट्या भागांची देखरेख. एवढ्यानंच एका मोटारीच्या ऑर्डरचं आणि शंभराच्या ऑर्डरचं चित्र पार बदललं. मोठी यंत्रणा लागत नाही, दोन-चार योग्य भाग पुरतात, हे काकांना पटवायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलं नसतं.

काकांकडे मी पाच भाग सुचवले. त्यातला मोठा भाग, साडेएकोणीस लाख, म्हणजे वीज, भट्टी, घसारा, भाडं, चौकीदार. हा मी तासांवरच ठेवला. भाड्याला आणि चौकीदाराला एखादा हुशार निकष लावायचा मोह होतो, पण ते ढोंग ठरतं. चौकीदार कुठल्या ट्रान्सफॉर्मरसाठी जागा राहतो हे कुणी सांगू शकत नाही. उरलेल्या साडेपंचवीस लाखांचं मात्र कारण दिसत होतं. मशीन लावण्याचे साडेसात लाख, २५० वेळा. म्हणजे एका वेळेला ३,०००. कोटेशन आणि ड्रॉइंगचे ८ लाख, वर्षाला ४०० कोटेशनं. म्हणजे एकाचे २,०००. खरेदी आणि स्टोअरचे ६ लाख, ५०० खरेदी-ऑर्डरी. म्हणजे एकीचे १,२००. टेस्टिंगचे ४ लाख, १,००० तास. म्हणजे तासाला ४००.

टेस्टिंगबद्दल थोडं सांगते, कारण तिथे गंमत आहे. साध्या मालासाठी टेस्टिंगवाल्यानं स्वतः एक जिग बनवलं होतं. नग ठेवायचा, व्होल्टेज, मेगर, हाय-व्होल्टेज, पाच मिनिटांत पुढचा. स्पेशलला प्रत्येक टॅपिंगचं गुणोत्तर वेगळं पाहायचं, गिऱ्हाइकाच्या नमुन्यात रिपोर्ट भरायचा, नगाला अर्धा तास. हजार स्पेशलनी टेस्टिंगचे जेवढे तास खाल्ले, तेवढेच सहा हजार साध्यांनी. ही माहिती कुठल्याही वहीत नव्हती. ती टेस्टिंगवाल्याच्या डोक्यात होती आणि त्याला वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

कोटेशनचा आकडा काकांना सगळ्यात जास्त लागला. वर्षातल्या ४०० कोटेशनपैकी ३९० स्पेशलची होती आणि त्यातून ऑर्डरी आल्या २००. म्हणजे मिळालेल्या प्रत्येक ऑर्डरच्या मागे जवळजवळ दोन कोटेशनांची मेहनत. हरलेल्या कोटेशनचा खर्च कुणाकडून घेणार? जिंकलेल्याकडूनच. बाजारात दुसरा मार्ग नाही.

सगळी मांडणी केल्यावर साध्या नगाचा ओव्हरहेड ६०० वरून ३४२ वर आला आणि त्याचा एकूण खर्च २,२६२ झाला. २,७०० ला दिला असता तरी ४३८ रुपये उरले असते. तो प्रतिस्पर्धी तांबं चोरत नव्हता; बहुधा त्याच्याकडे स्पेशल नव्हते, एवढंच. स्पेशलचा ओव्हरहेड मात्र ९०० वरून २,४५० झाला आणि एकूण खर्च ४,८३०. विकत होते ३,७७२ ला. घासाघीस न करणाऱ्या त्या सज्जन गिऱ्हाइकांना काका प्रत्येक नगामागे १,०५८ रुपये हातात ठेवून निरोप देत होते.

आणि तरी ताळेबंदात नफा होता. वर्षाचा २७ लाख ६० हजार, विचारल्याप्रमाणे बरोबर पंधरा टक्के. नव्या मांडणीतही तो तेवढाच येतो, एक रुपया इकडे-तिकडे नाही. साध्या मालानं सव्वाअडतीस लाखांच्या आसपास कमावले आणि स्पेशलनं साडेदहा लाख घालवले. म्हणूनच ही चूक सीएला दिसत नाही, आयकर खात्याला दिसत नाही आणि बँकेलाही दिसत नाही. एकूण बेरीज कायम बरोबर असते. खर्चाच्या नोंदी कायद्यानं ठेवाव्या लागतात त्या ३५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या ठरावीक क्षेत्रांतल्या कंपन्यांना, आणि लघुउद्योगांना त्यातूनही सूट आहे. काकांनी हे काम करावं असं त्यांना सांगणारं सरकारात कुणीच नव्हतं.

इथपर्यंत आलं की बहुतेक जण थेट निष्कर्षावर उडी मारतात: स्पेशल बंद करा. मी पत्रात त्यासाठी एक पूर्ण परिच्छेद खर्च केला, कारण या पद्धतीचं सगळ्यात महागडं नुकसान इथेच होतं.

“काका, हे वाचून उद्याच स्पेशलच्या ऑर्डरी नाकारू नका. स्पेशलची वर्षाची विक्री ३७ लाख ७२ हजार. बंद केल्यावर त्यांचा माल आणि वाइंडरची मजुरी वाचेल, म्हणजे २३ लाख ८० हजार. बाकी इंजिनिअरचा पगार, खरेदीवाल्याचा पगार, टेस्टिंगवाल्याचा पगार चालूच राहील. म्हणजे तुमचा नफा वाढणार नाही. तो २७ लाख ६० हजारांवरून १३ लाख ६८ हजारांवर येईल. नवा हिशेब सांगतो की स्पेशल तुमच्या माणसांचा किती वेळ खातात. तो वेळ मोकळा झाल्यावर त्याचं काय करायचं, हे तुम्ही ठरवल्याशिवाय एक पैसाही वाचत नाही.”

एबीसी सांगते ते दूरचं. वर्ष-दोन वर्षांच्या पट्ट्यावर माणसं, मशीन, जागा कशावर लावायची, यासाठी ती आहे. उद्या दुपारी आलेली एक ऑर्डर, मशीन रिकामं असताना, घ्यायची की नाही, यासाठी ती नाही. तिथे माल आणि हातात येणारा पैसा पाहावा. हा फरक न सांगता ही पद्धत विकणारे सल्लागार मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे आम्हा सगळ्यांचं नाव खराब होतं.

मग भाव कसा लावायचा? पत्राचा गाभा इथे होता. ‘स्पेशलचा खर्च ४,८३०’ हा आकडासुद्धा अर्धवट आहे, कारण तो पाच नगांच्या सरासरी ऑर्डरचा आहे. खर्च दोन थरांत आहे. एक थर ऑर्डरला चिकटलेला: कोटेशनचे ३,९००, मशीन लावण्याचे ३,०००, सरासरी दोन खरेदी-ऑर्डरींचे २,४००, एकूण ९,३००. ऑर्डर एका नगाची असो वा पन्नासाची, हे लागतातच. दुसरा थर नगाला चिकटलेला: माल, मजुरी, मशीनचा तास, टेस्टिंग, मिळून २,९७०.

आता गंमत बघा. दोन नगांच्या ऑर्डरला एका नगाचा खर्च पडतो ७,६२०. पाचाच्या ऑर्डरला ४,८३०. वीसच्या ऑर्डरला ३,४३५, म्हणजे काकांच्या जुन्या वहीपेक्षा जेमतेम दीडशे रुपये जास्त. सगळे स्पेशल तोट्यात नव्हते. ‘स्पेशल’ हा शब्दच फसवा होता. वीस नगांचं गिऱ्हाईक आपल्या वाट्याचं जवळपास देत होतं आणि तरी थोडा नफाही. दोन नगांचं गिऱ्हाईक निम्म्या भावात माल नेत होतं. दोघांना काका एकच भाव सांगत होते.

म्हणून मी सुचवलं की कोटेशनमध्ये दोन ओळी छापा. एक ‘ऑर्डर चार्ज’, एक ‘प्रति नग’. छापखान्यात जा: प्लेटचे पैसे वेगळे, कागद-छपाईचे वेगळे, शंभर पत्रिकांना आणि हजाराला नगाचा दर वेगळा पडतो, आणि त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. काकांच्या धंद्यात ती पद्धत नव्हती, एवढंच.

काकांचा आक्षेप रास्त होता. “पाच नगांना मी एवढ्या वर्षांत अठरा हजार आठशे साठ घेतले. आता सत्तावीस हजार सातशे मागू? गिऱ्हाईक दार लावून घेईल.” बरोबर आहे. खर्च हा भाव नव्हे. भाव बाजार ठरवतो. खर्च फक्त एवढं सांगतो की कुठल्या भावाखाली तुम्ही कुणावर मेहेरबानी करता आहात. मेहेरबानी करायलाही हरकत नाही, जुनं गिऱ्हाईक आहे, उद्या मोठी ऑर्डर देईल. पण ती किती रुपयांची आहे हे माहीत असावं. म्हणून पत्रात भाव वाढवण्याच्या आधी ९,३०० हाच आकडा खाली आणायच्या गोष्टी लिहिल्या. जुनी कोटेशनं मापानुसार लावून ठेवली की नव्या चौकशीला इंजिनिअर पुन्हा शून्यापासून बसणार नाही. एकाच गेजच्या तारेच्या ऑर्डरी एका दिवशी लावल्या की मशीन कमी वेळा बदलावं लागेल. आणि बॉबिनची मापं: स्टोअरमध्ये ती इतक्या प्रकारची होती की काही खोके कुणी वर्षभर उघडलेही नव्हते. डिझाइन थोडं इकडे-तिकडे करून निम्म्या मापांत काम भागलं असतं आणि तेवढ्या खरेदी-ऑर्डरी वाचल्या असत्या.

इथे एक निरीक्षण सांगितल्याशिवाय राहवत नाही. काका रोज सकाळी चहाबरोबर तांब्याचा भाव पाहतात. कराराच्या मालात तांब्याच्या चढउताराप्रमाणे भाव बदलायचं सूत्र या धंद्यात रुळलेलं आहे आणि ते त्यांना तोंडपाठ आहे. किलोमागे दहा रुपये वाढले तर त्यांना झोप येत नाही. दोन नगांच्या ऑर्डरवर प्रत्येक नगामागे जवळजवळ चार हजार जातात, हे मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या नजरेत आलं नाही, कारण त्याचा भाव रोज सकाळी मोबाइलवर येत नाही.

पत्राच्या शेवटच्या पानावर काम कसं करणार ते होतं. सहा आठवडे. पहिल्या दोनांत मी वर्षभराची जॉब-कार्डं मोजणार, कारण मशीन किती वेळा लावलं याची नोंदवही नव्हती. खरेदी-ऑर्डरी टॅलीतून मिळणार होत्या. पुढच्या दोनांत सहा माणसांशी बोलून त्यांचा वेळ कुठे जातो ते लिहिणार. इथे एक सापळा असतो आणि तो मी आधीच सांगून ठेवला. माणसाला विचारलं की तुझा वेळ कशात जातो, तर तो सांगतो त्याची बेरीज नेहमी शंभर टक्के येते. रिकामा वेळ कुणीच सांगत नाही. मग रिकाम्या माणसाचा खर्चही चालू ऑर्डरींवर चढतो. समजा, पुढच्या वर्षी चौकशा घटल्या आणि कोटेशनं २०० च झाली. जुन्या पद्धतीनं भागलं तर एकाचा खर्च २,००० वरून ४,००० होईल. काका भाव वाढवतील, आणखी गिऱ्हाइकं जातील, दर आणखी चढेल. इंजिनिअर तोच, काम तेच, फक्त भागाकारानं धंदा बुडवला.

उपाय असा की किती कोटेशनं निघाली यानं न भागता, इंजिनिअर आरामात किती काढू शकेल यानं भागायचं. तो वर्षाला ५०० काढू शकत असेल, तर एकाचे १,६००. आणि ४०० च निघाली तर उरलेले १ लाख ६० हजार हा ‘न वापरलेल्या क्षमतेचा खर्च’ म्हणून वेगळा दाखवायचा. तो गिऱ्हाइकाचा दोष नाही, मालकाचा प्रश्न आहे. कॅप्लन यांनी स्टीव्हन अँडरसन यांच्यासोबत २००४ मध्ये या पद्धतीचं सोपं रूप मांडलं ते याच धाग्यानं: प्रत्येक कामाला किती मिनिटं आणि मिनिटाला किती रुपये, एवढंच विचारा. मूळ रूपात मुलाखती आणि सर्वेक्षणं इतकी होती की अनेक मोठ्या कंपन्यांनी कंटाळून ती पद्धत सोडून दिली होती. छोट्या कारखान्यात तर पाचापेक्षा जास्त भाग केले की पुढच्या वर्षी ते कुणी भरत नाही, हा माझा अनुभव आहे.

काय करणार नाही, हेही लिहिलं होतं. ताळेबंदातल्या मालसाठ्याची किंमत या हिशेबानं लावायची नाही; तिथे हिशेबाचे वेगळे नियम आहेत आणि कोटेशनसारखा विक्रीचा खर्च साठ्यात धरता येत नाही. ही वही फक्त मालकाच्या टेबलासाठी. आणि आकडे शंभर टक्के अचूक येतील असं वचन मी दिलं नाही. खर्च ४,८३० आहे की ४,६०० आहे, यावरून भांडू नये. ३,२८० नाही, एवढं कळलं तरी काम झालं.

काकांनी पत्र आठवडाभर ठेवून घेतलं, सुनेकडून एकदा मोठ्यानं वाचून घेतलं आणि मग फी थोडी कमी करून काम सुरू करा म्हणाले. प्रत्यक्ष मोजणीत काही आकडे सरकले. खरेदी-ऑर्डरी माझ्या अंदाजापेक्षा जास्त निघाल्या. कोटेशनवर ‘ऑर्डर चार्ज’ची ओळ आली तेव्हा तिच्यासमोर पूर्ण ९,३०० नव्हते, ४,५०० होते, काकांना त्याहून पुढे जायची हिंमत झाली नाही आणि मीही आग्रह धरला नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. एकानं दोन नगांची ऑर्डर मागे घेतली आणि महिन्याभरानं आठ नगांची पाठवली. हजारोंची ऑर्डर देणाऱ्या त्या पॅनेलवाल्याला काकांनी २,७०० चा भाव कळवला आहे. तो अजून परत आलेला नाही.